चष्म्याच्या काचा आणि नोज पॅड : कोटिंगला ओरखडा न पाडता तेलकटपणा काढण्याची रीत

नाशिकच्या मेन रोड परिसरातल्या एका चष्म्याच्या दुकानात मी फिटिंगच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले, आणि त्या काळात ‘नंबर वाढलाय बहुतेक’ असे म्हणत आलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांची तक्रार डोळे न तपासता, नुसत्या नळाखालीच सुटलेली मी पाहिली आहे. त्यांतल्याच एका चष्म्याच्या निमित्ताने ही रीत सांगतो, कारण त्या एकाच चष्म्यात बहुतेक सगळ्या चुका एकत्र भेटल्या होत्या.

पंचवटीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आजूबाजूचे सगळेच ‘बाई’ म्हणतात, दीड वर्ष वापरलेला चष्मा घेऊन आल्या. धातूची पूर्ण कडांची फ्रेम, स्क्रूने बसवलेले पारदर्शक नोज पॅड आणि अँटी-ग्लेअर कोटिंग असलेल्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचा. संध्याकाळी रविवार कारंज्याजवळून जाताना समोरच्या गाड्यांचे दिवे पसरट दिसतात आणि वाचताना अक्षरांवर साय आल्यासारखी वाटते, अशी त्यांची तक्रार होती. ‘अरे, पुसून पुसून हात दुखला. पुसला की दहा मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. नवीनच करू का?’ असे त्यांनी विचारले. ‘बाई, आधी थोडा वेळ माझ्याकडे ठेवा, मग ठरवू,’ एवढेच मी म्हणालो.

पुसल्यावर दहा मिनिटांत पुन्हा धूसर होणारी काच ही एक खूण आहे. काच इतक्या लवकर मळत नाही. तेल मुळात गेलेलेच नसते. ते कापडावर असते, फ्रेमच्या खाचेत असते, आणि सर्वांत जास्त नोज पॅडच्या मागे असते. कोरड्या कापडाने पुसले की तेलाचा जाड ठिपका पातळ होऊन काचभर पसरतो, क्षणभर स्वच्छ भासतो, आणि श्वासाची वाफ किंवा धूळ त्यावर बसली की परत दिसू लागतो. म्हणून चष्म्याची सफाई काचेपासून नव्हे, तर पॅडपासून सुरू करायची असते, हे या लेखातले मुख्य म्हणणे आहे.

डाग कुठे आहे ते आधी पाहावे

पाण्याजवळ जाण्याआधी चष्मा खिडकीसमोर तिरपा धरून अर्धा मिनिट नुसता पाहावा, कारण तेलाची जागा त्याचे मूळ सांगते. नाकाच्या बाजूला, काचेच्या खालच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा चिकट पट्टा असेल, तर ते तेल पॅडवरून आलेले असते. काचेच्या आतल्या बाजूला मध्यावर किंवा थोडे वर बारीक उभ्या रेघा असतील, तर पापण्यांचे केस काचेला लागत आहेत, म्हणजे चष्मा डोळ्यांच्या फार जवळ बसलेला आहे. खालच्या कडेला आडवा पट्टा असेल तर हसताना गाल काचेला टेकतो, आणि बाहेरच्या कोपऱ्यांवरचे गोल ठसे आपल्या बोटांचे असतात. पापण्या किंवा गाल टेकत असतील तर चष्मा कितीही वेळा धुतला तरी संध्याकाळपर्यंत तोच डाग परत येणार. तिथे पाण्यापेक्षा पॅडची बैठक बदलून घेण्याचा उपयोग होतो, आणि ते काम दुकानातच करून घ्यावे.

बाईंच्या चष्म्यात पहिला प्रकार ठळक होता. पॅडच्या मागच्या धातूच्या वाटीत हिरवट काळपट मळ साचलेला होता आणि दोन्ही काचांच्या नाकाकडच्या कोपऱ्यांत तेलाची कोर उमटलेली होती. शिवाय चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेले कापड हाताला किंचित ताठ लागत होते, म्हणजे ते कित्येक महिन्यांत धुतलेले नव्हते.

ओरखडा नेमका कशाने पडतो

आजच्या बहुतेक चष्म्यांच्या काचा प्रत्यक्षात काचेच्या नसून प्लास्टिकच्या असतात. त्यांच्यावर आधी काही मायक्रॉन जाडीचा हार्ड कोट, त्यावर अँटी-ग्लेअरचे अनेक अतिपातळ थर आणि सर्वांत वर पाणी व तेल चिकटू न देणारा, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा निसरडा थर असतो. अँटी-ग्लेअरचे सगळे थर मिळूनही सहसा अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी भरतात; डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते हे लक्षात घेतले, की आपण किती नाजूक गोष्टीवरून कापड ओढतो याचा अंदाज येतो.

या थरांना बोट किंवा स्वच्छ कापड सहसा खरवडत नाही. खरवडते ती धूळ. रस्त्यावरच्या धुळीत आणि बांधकामाच्या वाळूत क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि खनिजांच्या कठीणपणाच्या मापात क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे, तर आपल्या नखाचा अडीचच्या आसपास. त्वचेच्या तेलाने चिकट झालेल्या काचेवर असा कण बसला की तो फुंकरीने उडत नाही; मग पदर, ओढणी किंवा सदऱ्याचे टोक त्याच्यावरून फिरते आणि कण पॉलिश पेपरसारखा काचेवर घासत जातो. त्यामुळे तेल आणि ओरखडा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. तेल धुळीला धरून ठेवते, आणि आपण तेल पुसायला गेलो की धूळ फिरवतो. ज्यांचा रोजचा प्रवास मुंबई-आग्रा महामार्गावरून, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे किंवा खोदलेल्या रस्त्यांवरून दुचाकीने होतो, त्यांच्या काचांवर असे चरे लवकर दिसतात, ते यामुळेच.

अँटी-ग्लेअर काचेवर बोटाचा ठसा साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतो, आणि त्याने अनेकांना कोटिंग हलक्या दर्जाचे असल्याची शंका येते. वास्तविक या थरांची जाडी प्रकाशाचे परावर्तन कमी होईल अशी मोजून ठेवलेली असते. वर तेलाची फिल्म आली की ते गणित त्या जागेपुरते बिघडते आणि तेवढाच भाग चमकतो. कोटिंग काम करत असल्याचेच हे लक्षण आहे.

तयारी

सामान फार लागत नाही. भांडी धुण्याचा पातळ, शक्यतो रंग-सुगंध कमी असलेला लिक्विड साबण, बाळांसाठीचा मऊ केसांचा टूथब्रश, थोडा कापूस, धुतलेले मायक्रोफायबरचे कापड आणि दुसरा एखादा स्वच्छ मऊ पंचा एवढे पुरते. साबण लिक्विडच हवा, याबद्दल मी आग्रही आहे, कारण आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या भांड्यांच्या वडीत घासण्यासाठी खनिजाची पूड मिसळलेली असते आणि ती बोटाला जाणवली नाही तरी कोटिंगला जाणवते. भांड्यांची पावडर, राख आणि टूथपेस्ट यांना याच कारणाने दूर ठेवावे. अंगाला लावण्याची साबणाची वडी जड पाण्यात चुन्यासारखा साका सोडते, आणि ‘हात मऊ ठेवणारा’ म्हणून विकला जाणारा हँडवॉश काचेवर स्वतःचीच स्निग्ध फिल्म मागे ठेवतो, त्यामुळे तेही नकोत.

पाण्याचा प्रश्न नाशिकमध्ये थोडा विचार करण्यासारखा आहे. गंगापूर धरणातून येणारे महापालिकेचे नळाचे पाणी या कामाला सहसा चालते; पण अनेक सोसायट्यांत वापराच्या नळाला बोअरचे पाणी येते, ते जड असते आणि काचेवर वाळले की पांढरी वर्तुळे सोडते. तुमच्या बेसिनच्या तोटीवर पांढरे थर चढत असतील, तर तुमच्याकडे तेच पाणी आहे असे समजावे आणि शेवटच्या खळखळण्यासाठी कपभर प्यायचे फिल्टरचे पाणी बाजूला काढून ठेवावे.

पाणी कोमट, म्हणजे मनगटावर ओतले तर गरम न वाटणारे असावे. हिवाळ्यात निफाडकडून थंडीची लाट आली की नळाचे पाणी इतके गार होते की त्वचेचे तेल घट्ट होऊन साबणाला दाद देत नाही, आणि मग माणूस सरळ गिझरचे पाणी सोडतो. ते टाळावे. प्लास्टिकची काच उष्णतेने जितकी प्रसरण पावते तितके वरचे कोटिंग पावत नाही, आणि त्या ताणाने कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडू शकतात. या भेगा कशानेही भरून येत नाहीत.

बेसिनच्या भोकावर जाळी नसेल तर आत एक वाडगा ठेवावा. पॅडचा स्क्रू तांदळाच्या कणीएवढा असतो आणि तो एकदा मोरीत गेला की गेला. हातावर क्रीम किंवा केसांचे तेल असेल तर आधी हात धुवावेत, नाहीतर आपण काढतो त्याहून जास्त तेल लावतो.

पहिले काम : काचेला हात न लावता धूळ वाहू देणे

ज्या काचेवर काम चालू आहे, त्याच काचेची कड अंगठा आणि बोटात धरावी. एका हाताने एक काडी धरून दुसऱ्या बाजूची काच घासली, तर सगळा पीळ नाकावरच्या पुलावर येतो आणि चष्मा हळूहळू वाकडा बसू लागतो. पेन्सिलीएवढी धार सोडून प्रत्येक काचेच्या दोन्ही बाजूंवरून पंधरा-वीस सेकंद पाणी वाहू द्यावे, फ्रेम थोडी फिरवत राहावी, म्हणजे खाचेतले कणही सुटतात. या वेळात काचेला बोटसुद्धा लावायचे नाही. संपूर्ण रीतीत ओरखड्यापासून खरे संरक्षण याच टप्प्यात मिळते, आणि घाईत सर्वांत आधी गाळला जातो तोही हाच.

नोज पॅड : मळाचे मूळ

पॅड नाकाच्या त्या भागावर टेकतात जिथे त्वचेचे तेल भरपूर असते, आणि दिवसभर घाम, पावडर, सनस्क्रीन हे सगळे पॅड आणि त्याच्या मागची धातूची वाटी यांच्या फटीत मुरत जाते. त्या वाटीच्या किंवा पॅडच्या दांडीच्या मिश्रधातूत बऱ्याचदा तांबे असते, आणि वरचा मुलामा झिजला की घामातले क्षार त्या तांब्याशी संयोग पावून हिरवा थर तयार होतो. देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीवर येतो तसाच हा प्रकार आहे. म्हणून तो हिरवा रंग म्हणजे बुरशी असे समजून घाबरण्याचे कारण नाही, परंतु तो तसाच ठेवला तर नाकावर हिरवट खूण उमटते आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते.

कपभर कोमट पाण्यात साबणाचे २ थेंब टाकून त्यात कापसाचे दोन छोटे बोळे भिजवावेत, हलके पिळावेत आणि दोन्ही पॅडना मागून-पुढून लपेटून ५ मिनिटे राहू द्यावेत. संपूर्ण चष्मा तासभर बुडवून ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण पाणी बिजागरीच्या स्क्रूत शिरते आणि ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या जाड फ्रेमलाही ती मानवत नाही. कापसाने मात्र जिथे मळ आहे तिथेच ओलावा पोहोचतो.

मळ मऊ झाला की ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून पॅडच्या मागच्या फटीत लहान लहान फटक्यांनी फिरवावा. येथे दोन गोष्टींची काळजी घ्यायची असते. पहिली अशी की ब्रशचे केस काचेला लागू नयेत, म्हणून दुसऱ्या हाताचे बोट पॅड आणि काचेच्या मध्ये आडवे ठेवावे. हिरवा थर सुटताना त्याचे कडक कण ब्रशवर असतात आणि तेच काचेला ओरखडू शकतात. दुसरी अशी की पॅडवर जोर देऊ नये, कारण त्याची दांडी सहज वाकते. साध्या नंबरच्या चष्म्यात थोडा फरक चालून जाईल, पण बाईंसारख्या प्रोग्रेसिव्ह काचांत लांबचा आणि जवळचा नंबर काचेच्या ठरावीक उंचीवर असतो. पॅड मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलले तरी वाचताना हनुवटी वर करावी लागते आणि माणसाला वाटते की नंबरच चुकला.

ब्रशने न निघणारा मळ असेल तर पॅड काढून धुणे हाच मार्ग उरतो. पांढऱ्या रुमालावर चष्मा ठेवून बारीक स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू सैल करावा, पॅड आणि स्क्रू एका वाटीत ठेवावेत आणि धातूची वाटी कापसाने पुसून घ्यावी. परत बसवताना स्क्रू टेकला की थांबावे. जास्त आवळला तर पॅडचा प्लास्टिकचा कान फुटतो. पॅडचा डावा-उजवा आकार अनेकदा वेगळा असतो, म्हणून एका वेळी एकच पॅड काढावा. ज्यांचा हात कापतो किंवा ज्यांना बारीक दिसत नाही, त्यांनी हे घरी करू नये. दुकानात ते काही मिनिटांचे काम आहे. स्क्रू नसलेले, दाबून बसवण्याचे पॅड काढताना दांडी वाकण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे तेही दुकानातच काढून घ्यावेत.

पॅड पिवळा पडला असेल तर तो मळ की म्हातारपण, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. धुतल्यानंतर ओला पॅड उजेडासमोर धरावा. पिवळेपणा फक्त कडांना आणि फटीत असेल तर तो मळ आहे. पॅडच्या अंगात सर्वत्र सारखा मुरलेला असेल, किंवा पॅड कडक, चिकट वा चिरलेला लागत असेल, तर पदार्थच जुना झाला आहे. असा पॅड कितीही घासला तरी तेल सोडतच राहतो. तो बदलावा, रोज वापरल्या जाणाऱ्या चष्म्याला वर्षभरात ही वेळ येणे स्वाभाविक आहे. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लावून त्याला पांढरा करण्याच्या फंदात पडू नये, कारण त्यातल्या ॲसिटोनचा एक ओघळ काचेवर किंवा ॲसिटेटच्या फ्रेमवर गेला तर तेथील पृष्ठभाग कायमचा खराब होऊ शकतो.

पॅडचे काम झाले की ब्रश बाजूला ठेवावा, साबणाचे ते पाणी ओतून द्यावे आणि चष्मा पुन्हा एकदा धारेखाली धरावा. सुटलेला हिरवा चुरा काचेवर राहिला, तर आतापर्यंतची सगळी काळजी वाया जाते.

मग काचा

आता मुगाच्या डाळीएवढा साबणाचा थेंब ओल्या बोटाच्या टोकावर घ्यावा, दोन बोटांत फेस करावा आणि तो फेस काचेच्या दोन्ही बाजूंना बोटांच्या मांसल टोकांनी अलगद पसरवावा. येथे कापड नको, स्पंज तर अजिबात नको. ओल्या बोटाच्या टोकाला एखादा कण उरला असेल तर तो लगेच खरखरीत जाणवतो, तर कापडाखाली तो कळतच नाही. खरखर लागली की तिथेच थांबून पुन्हा धार सोडावी. साबणाचे रेणू तेलाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतात, त्यामुळे जोराची गरज नसते, थोडा वेळ मात्र द्यावा लागतो. प्रत्येक काचेला अर्धा मिनिट पुरते. नाकाकडचा कोपरा आणि काच खाचेत शिरते ती कड यांच्यावरून बोट दोन वेळा जास्त फिरवावे. अर्ध्या कडेच्या फ्रेममध्ये काच खालून बारीक नायलॉन दोऱ्याने धरलेली असते. त्या दोऱ्यावर नख लागू देऊ नये.

स्वयंपाकघरात फोडणीसमोर उभे राहणाऱ्यांच्या काचांवर त्वचेच्या तेलाबरोबर तळणाच्या तेलाची वाफही बसते. ती वाळून लाखेसारखी चिवट होते आणि एकदा धुऊन निघत नाही. अशा वेळी घासण्याऐवजी फेस मिनिटभर राहू द्यावा, धुवावा आणि पुन्हा एकदा साबण लावावा.

धुऊन झाल्यावर काच उभी धरून पाणी कसे उतरते ते पाहावे. नव्या किंवा चांगल्या कोटिंगवर पाण्याचे मोत्यांसारखे गोल थेंब होऊन ते घरंगळतात. जिथे पाणी थेंब न होता चिकट पट्ट्यासारखे रेंगाळते, तिथे तेल किंवा साबण उरलेला आहे. दुसऱ्या धुण्यानंतरही संपूर्ण काचेवर पाणी तसेच पसरत असेल, तर वरचा निसरडा थर झिजलेला आहे. त्याने दिसण्यात लगेच फरक पडत नाही, परंतु अशी काच लवकर मळते आणि तिला अधिक वेळा धुवावे लागते.

शेवटी बाजूला ठेवलेले कपभर फिल्टरचे पाणी दोन्ही काचांवरून ओतावे आणि चष्मा हलकेच झटकावा.

वाळवणे आणि कापड

फ्रेम, काड्या आणि पॅड आधी पंच्याने टिपून घ्यावेत, कारण मायक्रोफायबर फक्त काचेसाठी राखून ठेवायचे असते. तेच कापड आधी पॅडवर आणि मग काचेवर फिरवले, तर उरलेसुरले तेल परत काचेवर येते. घरोघरी होणारी चूक हीच. काचेवर कापड ठेवून दाबून पाणी शोषू द्यावे, आणि उरलेली ओल मधून कडेकडे सरळ ओढून काढावी. गोल गोल फिरवून चकाकी आणण्याची सवय सोडावी.

कापड आठवड्यातून एकदा त्याच लिक्विड साबणात हाताने धुवावे आणि पाणी नितळ येईपर्यंत खळखळावे. फॅब्रिक कंडिशनर वापरला तर त्याचा स्निग्ध अंश धाग्यांत बसतो आणि कापड शोषण्याऐवजी फासू लागते. वाळवायला गॅलरीच्या दोरीवर, रस्त्याच्या धुळीत न टाकता घरात सावलीत टाकावे. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय काचेला लावू नये. कागदी नॅपकिन आणि टिश्यू मऊ वाटले तरी लाकडाच्या लगद्याचेच असतात. प्लास्टिकच्या काचेला ते चालत नाहीत.

बाहेर असताना

दिवसभर नळ हाताशी नसतो, तेव्हा दुकानात मिळणारा लेन्स क्लीनरचा फवारा ठेवावा. आधी जोराने फुंकून सुटी धूळ उडवावी, मग काच पूर्ण ओली होईल इतका फवारा मारावा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने टिपावे. एक-दोन फवाऱ्यांची काटकसर येथे महागात पडते, कारण ओलावाच कणांना काचेपासून थोडा वर उचलून धरतो. तोंडाची वाफ देऊन पुसणे हे कोरड्या पुसण्याहून थोडे बरे, पण धुळीने माखलेल्या काचेसाठी तो ओलावा अगदी अपुरा असतो. हँड सॅनिटायझर वापरू नये; त्यातला अल्कोहोल ॲसिटेटची फ्रेम पांढुरकी करतो आणि ग्लिसरीन काचेवर चिकटपणा सोडते. खिडक्यांच्या काचांचा अमोनियायुक्त फवारा, व्हिनेगर आणि लिंबाचा रस या सगळ्यांना कोटिंगसाठी वर्ज्य समजावे.

दुचाकीवरून धुळीतून आला असाल आणि फवाराही नसेल, तर प्यायच्या बाटलीतले पाणी काचांवरून ओतून चष्मा झटकावा आणि न पुसता घालावा. काही थेंब राहतील, पण चरा पडणार नाही.

धुतल्यावर उरलेले काय आहे

चष्मा पूर्ण वाळल्यावर तो ट्यूबलाइटखाली तिरपा करून, गडद रंगाच्या कपड्यासमोर धरावा. बोटाने पुसट होणारा किंवा जागा बदलणारा डाग म्हणजे तेल, पुन्हा धुवावे. पांढरे पोकळ वर्तुळ म्हणजे वाळलेले जड पाणी. ते नखाने खरवडू नये, साबणाचा फेस दोन मिनिटे ठेवून फिल्टरच्या पाण्याने धुवावे. न हलणारी बारीक, बाकदार रेघ म्हणजे ओरखडा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा वाळलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा म्हणजे उष्णतेने फाटलेले कोटिंग. असा चष्मा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिला होता का, याची आठवण करून पाहावी. आणि जिथे अँटी-ग्लेअरची हिरवट किंवा निळसर झाक एखाद्या चट्ट्यापुरती नाहीशी झालेली दिसते, तिथे थर निघून गेलेला आहे. भेगा पडलेल्या किंवा सुटू लागलेल्या कोटिंगचा चष्मा दुकानातल्या, ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नये, त्याने उरलेला थरही सुटू शकतो.

बाईंच्या चष्म्याचा निकाल संमिश्र लागला. उजव्या बाजूचा पॅड धुतल्यावर नितळ झाला, डावा अंगातच पिवळा पडलेला होता. एकच नवा बसवला तर दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही, म्हणून दोन्ही बदलले. डावी काच पूर्ण स्वच्छ निघाली. उजव्या काचेवर मात्र नाकाकडून खालच्या मध्यापर्यंत बारीक चऱ्यांची एक कमान होती, एकाच दिशेने, एकाच केंद्राभोवती. ‘बाई, पुसता कसा ते जरा दाखवा,’ असे म्हटल्यावर त्यांनी पदराचे टोक घेऊन उजव्या हाताचा अंगठा काचेवर टेकवला आणि गोल फिरवला. अंगठा जिथे सर्वांत जास्त दाबत होता, कमान नेमकी तिथेच होती. डाव्या काचेला त्यांचा डावा हात जेमतेम लागत असे, म्हणून ती वाचली होती.

‘हे पॉलिश करून जाईल ना?’ त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. पॉलिशने चरा निघत नाही, चऱ्याभोवतीचे कोटिंग निघते, आणि मग रेघेऐवजी पसरट ठिगळ दिसते. गाड्यांच्या दिव्यांचा पसरटपणा तेल गेल्यावर बहुतांशी कमी झाला. उजव्या डोळ्याने वाचताना अक्षरांभोवती थोडी झळाळी राहिली, ती चऱ्यांची होती. तेवढ्यासाठी लगेच नवी काच करण्याची गरज नव्हती, म्हणून पुढच्या नंबर तपासणीपर्यंत तीच ठेवायची, असे आम्ही ठरवले. दीड महिन्याने बाई पॅडचा स्क्रू आवळून घ्यायला आल्या तेव्हा मी काच पुन्हा ट्यूबखाली धरून पाहिली. कमान तेवढीच होती, एकही रेघ वाढलेली नव्हती.